बिल्डरच्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिताना जुन्या तक्रारी तारखेनिशी कशा मांडायच्या

प्रश्न: बेळगावात टिळकवाडीत 24 फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, ताबा 18 नोव्हेंबर 2023 ला मिळाला. पुढच्याच पावसाळ्यापासून बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीतून आणि सिलिंगच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतंय. साइट इंजिनिअरला व्हॉट्सअ‍ॅप केलं, मेल केले, इथल्या ऑफिसात पत्र दिलं, मध्ये जानेवारीत एकदा आतून पुट्टी आणि रंग मारून गेले, या पावसात परत तेच. आता फोनसुद्धा उचलत नाहीत. हेड ऑफिस हुबळीला आहे, तिथल्या वरच्या लोकांना पत्र घालायचंय, आधीच्या तक्रारी त्यात कशा लिहू?

उत्तर:

ताई, मी अकरा वर्षं एका बिल्डर कंपनीच्या कस्टमर रिलेशनमध्ये होतो, म्हणजे अशी पत्रं ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलाच्या मागं बसलेलो, आणि आता बेळगावात परत आल्यापासून लोकांना हीच पत्रं लिहून देतो. तेव्हा आधी आत काय होतं ते सांगतो, म्हणजे पत्र तसं का लिहायचं ते आपोआप कळेल.

तुमचं पत्र डायरेक्टर पहिल्यांदा वाचतच नाही. त्याचा पीए ते इनवर्डला चढवतो, वर एक ओळ लिहितो, "फ्लॅट नंबर अमुक, लीकेज, रिपोर्ट द्या", आणि ते कस्टमर रिलेशनच्या हेडकडं जातं. हेड कॉम्प्युटरवर तुमचा फ्लॅट नंबर टाकतो, तिथं तक्रारींची दोन तिकिटं दिसतात, दोन्ही "क्लोज्ड". कारण जानेवारीत पुट्टी मारून गेले त्या दिवशी सुपरवायझरनं काम झालं म्हणून तिकीट बंद केलेलं असतं. मग हेड वर रिपोर्ट देतो, "सर, दोन तक्रारी होत्या, दोन्ही सोडवल्या, कस्टमर परत परत लिहितायत." साहेब मान डोलावतात आणि विषय संपतो. मी स्वतः असे रिपोर्ट बनवलेत आणि आता त्याचं वाईट वाटतं, कारण त्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली बादली ठेवून झोपणारी माणसं होती.

म्हणून पत्राचं खरं काम एवढंच, की कंपनीच्या कॉम्प्युटरवर जे दिसतं आणि तुमच्या घरात जे घडलं त्यातला फरक साहेबांना दोन मिनिटांत, कुणालाही न विचारता दिसला पाहिजे. तो फरक फक्त तारखांतून दिसतो. तुम्हाला किती त्रास झाला हे लिहिलं की ते परत त्याच हेडकडं जातं, पण "16 जानेवारीला तुम्ही तिकीट बंद केलं आणि 24 जूनला त्याच कोपऱ्यातून पाणी आलं" असं लिहिलं की हेडला उत्तर द्यावं लागतं, कारण त्याच्या रेकॉर्डमध्येच ते बसत नाही.

आता पत्र लिहायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि पुरावे जमवा. आठवणीतनं तारखा लिहू नका ओ, ही सगळ्यात मोठी चूक. "साधारण जुलैमध्ये" असं एक वाक्य जरी पत्रात असलं तरी समोरचा वकील तेवढंच पकडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या इंजिनिअरची चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांत जाऊन More आणि मग Export chat करा, सगळी चॅट तारीख-वेळेसकट फाइल म्हणून मिळते, ती स्वतःलाच मेल करून ठेवा. त्या चॅटला आपोआप मेसेज पुसले जाण्याचं सेटिंग लावलेलं असेल तर आजच बंद करा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरचा नको, मोबाइलच्या गॅलरीतला मूळ फोटो ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरनं पाठवलेल्या फोटोतनं कधी काढला ती आतली माहिती निघून जाते आणि मूळ फोटोत ती राहते. कॉलची यादी फोनमध्ये कायमची राहत नाही, जुने कॉल निघून जातात, म्हणून जे कॉल आज दिसतायत त्यांचे स्क्रीनशॉट काढून घ्या. आणि इथल्या ऑफिसात पत्र दिलं म्हणताय, त्याच्या तुमच्याकडच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख आहे का बघा. नसेल तर तो दिवस पुराव्याचा नाही, आठवणीचा आहे, तो वेगळा ठेवायचा.

असे दोन ढीग करा. एक, ज्याला कागद किंवा स्क्रीन आहे ते. दुसरा, जे फक्त तोंडी झालं ते. पत्राच्या तक्त्यात पहिला ढीगच जातो. दुसऱ्यातलं सगळं मिळून एकच ओळ, "याशिवाय वेळोवेळी फोनवर कळवलं आहे", बस. लोक चौदा फोनकॉल चौदा ओळीत लिहितात, त्यातले बारा सिद्ध करता येत नाहीत, आणि मग खऱ्या दोन तक्रारीसुद्धा हलक्या पडतात.

आता दोन तारखा ज्याच्यावर सगळं उभं आहे. पहिली ताब्याची. रेरा कायदा 2016 च्या कलम 14 च्या पोटकलम 3 मध्ये लिहिलंय, की ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, क्वालिटीतला किंवा सोयीसुविधांतला दोष तुम्ही बिल्डरच्या नजरेला आणून दिला तर त्यानं 30 दिवसांच्या आत पैसे न घेता तो दुरुस्त करायचा, नाही केला तर तुम्हाला भरपाई मागता येते. तुमचे 5 वर्ष नोव्हेंबर 2028 पर्यंत चालतात, म्हणजे वेळ भरपूर आहे. पण एक बघा, ताब्याची तारीख म्हणून तुम्ही कुठली धरलीय? काही जणांची खरेदीची रजिस्ट्री एका दिवशी, पझेशन लेटर दुसऱ्या दिवशी आणि चावी तिसऱ्याच दिवशी असते. पत्रात पझेशन लेटरवरची तारीख घाला आणि ते लेटर जोडा, त्याच्यावर कंपनीचीच सही असते, वाद राहत नाही.

दुसरी तारीख म्हणजे तक्रार "नजरेला आणून दिली" तो दिवस. तिथून 30 दिवस मोजायचे. आणि इथं तुमच्या केसमध्ये एक गोम आहे, जी बहुतेक जण चुकवतात. 2024 च्या पावसाची तक्रार आणि 2025 च्या पावसाची तक्रार, दोन्ही वेगवेगळी मोजा. का? कारण बिल्डर म्हणणार, पहिली तक्रार आम्ही जानेवारीत सोडवली. म्हणू दे बापडा. तुम्ही दाखवायचं, की पहिल्या तक्रारीचे 30 दिवस काम न होताच संपले, जानेवारीत जे केलं ते बाहेरच्या भिंतीला हातच न लावता आतून रंग होता, आणि ज्या दिवशी परत पाणी आल्याचं कळवलं त्या दिवसापासूनचे दुसरे 30 दिवसही गेले. मग त्यांनी कुठलीही बाजू घेतली तरी मुदत संपलेलीच निघते.

प्रत्येक तक्रारीची ओळ कशी लिहायची ते दाखवतो. लोक असं लिहितात: "जुलैमध्ये तुमच्या इंजिनिअरला अनेकदा सांगूनही त्यानं उडवाउडवीची उत्तरं दिली." यात तारीख नाही, काय सांगितलं ते नाही, काय उत्तर आलं ते नाही, उलट एक आरोप आहे जो तुम्हालाच सिद्ध करावा लागेल. तेच असं लिहा: "9 जुलै 2024, सकाळी 7.40, साइट इंजिनिअरच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप, मुख्य बेडरूमच्या पश्चिम भिंतीवर ओल आणि सिलिंगच्या कोपऱ्यातून थेंब, 3 फोटो पाठवले. उत्तर 9.12 ला: 'बघतो मॅडम'. त्यानंतर कोणी आलं नाही. जोडपत्र 2." त्याचे शब्द जसेच्या तसे टाका. "बघतो मॅडम" या दोन शब्दांचा अर्थ असा, की कंपनीच्या माणसाला कळलं, आणि कायद्याला तेवढंच पाहिजे.

हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं मराठी तसंच ठेवा पण पत्र मात्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये घाला. आपल्याकडं साइटवर सगळे मराठीत बोलतात, पण तुमचं अ‍ॅग्रीमेंट बहुतेक इंग्रजीत असणार, हुबळीच्या साहेबाला मराठी येईलच असं नाही, आणि उद्या रेरासमोर गेलात तर तिथंही मराठी चालवत बसायची वेळ येऊ नये. मराठी मेसेजच्या खाली त्याचं भाषांतर जोडपत्रात लिहून टाका. खालचा नमुना मी समजावा म्हणून मराठीत देतोय, तारखा तुम्ही सांगितलेल्या क्रमावरनं नमुन्यादाखल घातल्यात, तुमच्या पुराव्यात ज्या असतील त्याच घाला.

दिनांक: 15 सप्टेंबर 2025
प्रति: मॅनेजिंग डायरेक्टर, (कंपनीचं अ‍ॅग्रीमेंटवरचं पूर्ण नाव), (नोंदणीकृत पत्ता)
प्रत: प्रोजेक्ट हेड, कस्टमर रिलेशन हेड
विषय: फ्लॅट नंबर अमुक, प्रोजेक्ट अमुक, रेरा नोंदणी क्रमांक अमुक. 9 जुलै 2024 पासून कळवलेली भिंत व सिलिंगची गळती दुरुस्त न झाल्याबाबत

महोदय,

वरील फ्लॅटचा ताबा आम्हाला 18 नोव्हेंबर 2023 रोजी मिळाला (जोडपत्र 1). मुख्य बेडरूमच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीतून आणि त्याच भिंतीला लागून असलेल्या सिलिंगच्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी आत येतं. हा एकच दोष आम्ही खालीलप्रमाणे कळवला आहे.

1) 9 जुलै 2024: साइट इंजिनिअरला व्हॉट्सअ‍ॅप, 3 फोटो. उत्तर: "बघतो मॅडम". पाहणी झाली नाही. जोडपत्र 2.

2) 22 जुलै 2024: कस्टमर केअरला ईमेल. त्याच दिवशी तिकीट नंबर मिळाल्याचा ऑटोमॅटिक मेल आला. जोडपत्र 3.

3) 5 ऑगस्ट 2024: सुपरवायझरनं पाहणी केली. त्याच संध्याकाळी आम्ही ईमेलनं कळवलं, की "पाऊस संपल्यावर बाहेरून काम करू" असं त्यांनी सांगितलं आहे. या ईमेलला हरकत आली नाही. जोडपत्र 4.

4) 16 जानेवारी 2025: आतल्या बाजूनं पुट्टी आणि रंग. बाहेरची भिंत व गच्ची यांना हात लावला नाही. आमच्या माहितीप्रमाणे तिकीट याच दिवशी बंद केलं गेलं. कामाचे फोटो जोडपत्र 5.

5) 24 जून 2025: त्याच जागी परत गळती. ईमेल, फोटो व 40 सेकंदांचा व्हिडिओ. उत्तर नाही. जोडपत्र 6.

6) 4 ऑगस्ट 2025: बेळगाव ऑफिसात लेखी पत्र, शिक्का घेतलेली प्रत. उत्तर नाही. जोडपत्र 7.

याशिवाय वेळोवेळी फोनवर कळवलं आहे, 11 जुलै 2025 च्या कॉलचा स्क्रीनशॉट जोडपत्र 8.

पहिल्या तक्रारीपासूनचे 30 दिवस 8 ऑगस्ट 2024 ला आणि गळती परत आल्याचं कळवल्यापासूनचे 30 दिवस 24 जुलै 2025 ला संपले आहेत. रेरा कायदा 2016 कलम 14(3) आणि आमच्या अ‍ॅग्रीमेंटमधल्या दोष दुरुस्तीच्या कलमाप्रमाणे ही दुरुस्ती विनाशुल्क करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

आमची मागणी: (अ) 26 सप्टेंबर 2025 पर्यंत जबाबदार अधिकाऱ्याचं नाव व लेखी उत्तर, (ब) 10 ऑक्टोबर 2025 पर्यंत आमच्यासमोर संयुक्त पाहणी, त्यात गच्चीवर 48 तास पाणी साठवून आणि बाहेरच्या भिंतीवर पाइपनं पाणी मारून चाचणी, व त्याचा लेखी रिपोर्ट, (क) कारण सापडेल त्याप्रमाणे बाहेरून व गच्चीवर दुरुस्ती, आणि त्यानंतर आतली पुट्टी-रंग, हे सगळं 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत.

या तारखांना काही झालं नाही तर आम्ही कर्नाटक रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करू आणि भरपाईची मागणीही करू.

आपले, (दोघा मालकांची नावं व सह्या)

एवढंच. दीड पान. याच्यात लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स, सोसायटीचं अकाउंट काही घालू नका, तुम्हाला त्याचंही वाईट वाटत असेल तरी. मी आत असताना आठ विषयांचं पत्र आलं की आम्ही त्यातल्या सोप्या दोघांना उत्तर द्यायचो आणि "आपल्या पत्राची दखल घेतली आहे" म्हणून फाइल बंद. एका दोषाच्या पत्राला तशी पळवाट नसते. बाकीचे विषय वेगळ्या पत्रात.

तिसऱ्या ओळीकडं परत बघा, ती मुद्दाम तशी आहे. सुपरवायझर तोंडी बोलून गेला की त्याच दिवशी "आज तुम्ही येऊन असं म्हणालात" असा छोटा मेल टाकायचा. तुम्ही त्यावेळी टाकला असेल तर नशीब, नसेल तर ती ओळ "सुपरवायझरनं पाहणी केली" एवढीच ठेवा, आणि इथून पुढं मात्र प्रत्येक भेटीनंतर मेल करत जा. आणि चौथी ओळ वगळू नका. पुष्कळ लोकांना वाटतं, त्यांनी काहीतरी केलं हे लिहिलं तर आपली बाजू पडेल. उलट आहे. तुम्ही लिहिलं नाही तर ते लिहितील, आणि तेव्हा तुम्ही लपवलं असं दिसेल. तुम्हीच लिहिलं, आणि फोटोत दिसलं की आतल्या भिंतीवरच पट्टा मारलाय, तर तीच ओळ तुमचा सगळ्यात मोठा पुरावा होते. बाहेरच्या भिंतीच्या प्लास्टरला भेगा असतील किंवा गच्चीच्या कडेची वॉटरप्रूफिंग सुटली असेल तर आतनं कितीही पुट्टी मारा, पाणी वाट काढतंच. हे कुठलाही सिव्हिल इंजिनिअर फोटो बघून सांगेल.

पण पत्र घालायच्या आधी एक गोष्ट स्वतः तपासा, हे पाणी खरंच पावसाचं आहे का. वर गच्चीवर टाकी आहे, तिचा पाइप त्या भिंतीतून जात असेल तर गळती पाइपची असू शकते. सोपं आहे, मार्च-एप्रिलमध्येही तिथं ओल असायची का आठवा, तेव्हाचा फोटो असेल तर बघा. उन्हाळ्यात ठणठणीत आणि पाऊस सुरू झाला की दोन-तीन दिवसांत ओल, म्हणजे पाऊस. बारा महिने ओल असेल तर पाइप. दोन्ही बिल्डरच्याच जबाबदारीत येतात, पण पत्रात चुकीचं कारण ठामपणे लिहिलं की ते तेवढ्यावरच वाद घालत बसतात, म्हणून नमुन्यात मी कारण लिहिलं नाही, फक्त पाणी कुठून दिसतं ते लिहिलंय आणि चाचणी मागितलीय. आणि तुम्ही स्वतः त्या भिंतीला बाहेरनं एसीचं युनिट बसवायला भोकं पाडली असतील, किंवा गच्चीवर शेड, डिश असं काही ठोकलं असेल तर ते आधीच तपासून घ्या, कारण त्यांचं पहिलं उत्तर तेच असणार.

तारखांबद्दल एक, "पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत" असं लिहू नका, कॅलेंडरमधली तारीख लिहा. मिळालं कधी यावरच मग वाद चालतो. आणि मुदत अशी द्या की ती पाळणं शक्य असेल. आपल्या बेळगावच्या पावसात बाहेरच्या भिंतीचं काम होत नाही हे खरं आहे, ऑक्टोबरमध्येही पाऊस येतो, मध्ये दसरा-दिवाळी, मजूर गावाला जातात. म्हणून पाहणी लवकर आणि काम नोव्हेंबरअखेर. तुम्ही सात दिवसांत वॉटरप्रूफिंग मागितलं तर उद्या तुम्हीच अडेलतट्टू दिसाल. पाहणीला मात्र पाऊसच चांगला, तेव्हा ती पुढं ढकलू देऊ नका.

आता कुणाला आणि कसं. अ‍ॅग्रीमेंट काढा, शेवटाकडं नोटीस कशी आणि कुठल्या पत्त्यावर द्यायची याचं एक कलम असतं, तोच पत्ता पहिला. मग rera.karnataka.gov.in वर प्रोजेक्ट शोधा, तिथं प्रमोटर म्हणजे बिल्डर म्हणून कोणाचं नाव आहे बघा. बोर्डवर एका ग्रुपचं नाव असतं आणि अ‍ॅग्रीमेंट दुसऱ्याच कंपनीनं किंवा पार्टनरशिप फर्मनं केलेलं असतं, आपल्याकडं हे फार आहे, आणि पत्र बोर्डवरच्या नावाला गेलं तर ते "आमची कंपनी ती नाही" म्हणून मोकळे. कंपनी किंवा एलएलपी असेल तर mca.gov.in वर तिचा नोंदणीकृत पत्ता आणि डायरेक्टरांची नावं मिळतात. पत्र मॅनेजिंग डायरेक्टरला, आणि पार्टनरशिप असेल तर अ‍ॅग्रीमेंटवर सही केलेल्या पार्टनरला. प्रत ज्यांना द्यायची त्यांची नावं पत्रात वर दिसू देत, हेडला कळू दे की साहेबांकडं गेलंय. रेराला प्रत घालू नका, प्रत पाठवली म्हणून तिथं केस होत नाही, आणि तो धाक उगीच वाया जातो.

पोस्टाचं बघा, रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, ते 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिळवलं. तेव्हा टपाल ऑफिसात स्पीड पोस्ट करताना रजिस्ट्रेशन आणि पोहोच दोन्ही मागून घ्या, पावती जपून ठेवा, आणि चार-पाच दिवसांनी ट्रॅकिंगचं पान प्रिंट करा, कारण ते ऑनलाइन कायम दिसत नाही. त्याच दिवशी तेच पत्र सह्या करून स्कॅन करून जोडपत्रांसकट ईमेलही करा. पाकीट "घेतलं नाही" म्हणून परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. बरोबर पत्त्यावर गेलेलं पाकीट न घेणं त्यांच्याच अंगाशी येतं.

आणखी एक महत्त्वाचं, तुमची बिल्डिंग 24 फ्लॅटची आहे म्हणून मी रेरा रेरा म्हणतोय. 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसलेल्या जागेवरचे किंवा 8 पेक्षा जास्त फ्लॅट नसलेले प्रोजेक्ट रेरा नोंदणीतून सुटतात, आणि शहापूर, वडगाव, अनगोळकडं असल्या बिल्डिंगी पुष्कळ आहेत. तसं कुणाचं असेल तर पत्रातलं रेराचं वाक्य काढून अ‍ॅग्रीमेंटचं कलम आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 लिहा. फ्लॅटसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तक्रार करणारा जिथं राहतो तिथं दाखल करता येते, म्हणजे बेळगावातच. पण तिथं मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची. तुम्हीसुद्धा उद्या ग्राहक आयोगाचा विचार केलात तर 9 जुलै 2024 पासून मोजा, म्हणजे जुलै 2026. एकावर एक पत्रं लिहीत राहिल्यानं ती मुदत वाढत नाही, आणि बिल्डर "करतो करतो" म्हणत नेमकं तेवढंच ढकलत असतो.

26 सप्टेंबरला उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र लिहू नका. 10 ऑक्टोबर गेला की रेराच्या साइटवरनं ऑनलाइन तक्रार टाका, हेच पत्र आणि हीच जोडपत्रं, नवं काही लिहायला लागत नाही, तारखांचा तक्ता तसाच उतरतो. दुरुस्ती प्राधिकरणाकडं मागायची आणि भरपाई रेराच्याच भरपाई ठरवणाऱ्या अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसरकडं, दोन्हीचे अर्ज वेगळे असतात. चॅट, फोटो, व्हिडिओ कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून देतात, तुम्ही फक्त मूळ फोन आणि मूळ फाइल सांभाळा, फोन विकू नका. आणि रागानं मेंटेनन्स बंद करू नका, अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे पैसे भरणं हे तुमच्याकडचं कर्तव्य आहे, थकवलं की तेच पुढं करतात.

पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असं पत्र गेलं की आठ-दहा दिवसांत फोन येतो, साहेबांनी विचारलंय म्हणून, आणि माणसं येतात. तेव्हा खरी काळजी घ्यायची. काम झाल्यावर सुपरवायझर एक छापील कागद पुढं करतो, "काम समाधानकारक झाले, तक्रार नाही", आणि सही मागतो. तो कागद म्हणजे परत एकदा "क्लोज्ड". नोव्हेंबरात काम झालं, भिंत कोरडी, पाणी गळतंय की नाही हे तुम्हाला कसं कळणार? सही करा, नाही म्हणू नका, पण सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा, "बाहेरून काम केल्याचे पाहिले. गळती थांबली की नाही हे जून-जुलै 2026 च्या पावसात तपासणे बाकी", तारीख टाका, आणि तो कागद सुपरवायझरच्या हातात परत द्यायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या.